माल उशिरा जाणार असेल तर ग्राहकाला काय लिहावं

ग्राहकसेवेच्या कामाला लागून मला तिसरा महिना होता. एका कारखान्याने आमच्याकडे 60 फिल्टर मागवले होते आणि ते बुधवारी पोचवायचं आम्ही कबूल केलं होतं. सोमवारी सकाळी पॅकिंगला घेतले तेव्हा कळलं की चांगले फिल्टर 36च आहेत. मी लगेच मेल केला: "काही अपरिहार्य कारणांमुळे आपल्या ऑर्डरला विलंब होत आहे. माल लवकरात लवकर पोचवण्याचा आमचा प्रयत्न राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

दहा मिनिटांत त्यांच्या खरेदी विभागातल्या मॅडमचा फोन आला. चिडलेल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "गुरुवारी मशीन बंद ठेवून आम्ही फिल्टर बदलणार होतो. ते पुढे ढकलायचं का?" माझ्या मेलमध्ये याचं उत्तरच नव्हतं. "अर्ध्या तासात नीट कळवते" म्हणून मी फोन ठेवला.

नवीन लागलेल्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते. असं पत्र वाचून ग्राहकाला पुढचं ठरवता आलं पाहिजे. किती माल येणार, कधी येणार आणि त्यांच्यापुढे पर्याय कोणते, हे कळल्याशिवाय नुसत्या "क्षमस्व"चा त्यांना काही उपयोग नाही.

त्या अर्ध्या तासात मी तीन फोन केले. गोडाऊनमध्ये विचारल्यावर कारण कळलं: पूर्वी परत आलेले 24 खराब फिल्टर कॉम्प्युटरवर चांगल्या स्टॉकमध्ये चढले होते आणि तोच आकडा बघून आम्ही ऑर्डर घेतली होती. पुरवठादार म्हणाला, 24 नग गुरुवारी देतो. कुरिअरवाल्यांना दोन दिवस लागतात आणि रविवारी त्यांची सुट्टी. म्हणजे शुक्रवारी तपासून पाठवले तर सोमवारी पोचतील. मी पत्रात मंगळवार लिहिला. एक दिवस हाताशी ठेवला, कारण पहिली तारीख चुकली तर ग्राहक समजून घेतो, पण माफी मागताना दिलेली तारीखही चुकली की आपल्या कुठल्याच तारखेवर त्याचा विश्वास राहत नाही. आणि तारीख लिहायची ती त्यांच्या दारात माल पोचण्याची. आपल्याकडून निघण्याची तारीख त्यांच्या कामाची नसते.

मग हे पत्र गेलं:

"नमस्कार मॅडम,
तुमच्या 60 फिल्टरपैकी 24 फिल्टर बुधवारी पोचणार नाहीत. याबद्दल मनापासून माफी मागते. आमच्या स्टॉकच्या नोंदीत खराब नग चांगले म्हणून धरले गेले होते आणि ऑर्डर घेताना आम्ही प्रत्यक्ष मोजणी केली नाही. ही चूक आमची आहे.
36 फिल्टर आज पाठवत आहोत, ते बुधवारी पोचतील. उरलेले 24 पुढच्या मंगळवारपर्यंत पोचतील. दुसऱ्या खेपेचं भाडं आम्ही भरू. 24 नग रद्द करायचे असतील तर तसं कळवा, त्यांचे पूर्ण पैसे परत करू. सगळा माल एकदमच हवा असेल तर आज दुपारी 3 पर्यंत सांगा, म्हणजे 36 थांबवून ठेवते.
शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः तुम्हाला स्थिती कळवेन."

यात कारण दोनच वाक्यांत आहे. मी आधी "पुरवठादाराकडेही माल शिल्लक नव्हता" असं एक वाक्य घातलं होतं. ते खरं होतं, तरी काढलं. ग्राहकाने ऑर्डर आम्हाला दिली होती, आमच्या पुरवठादाराशी त्यांचा संबंध नाही. कारण सांगताय की सबब, याची माझी एक साधी परीक्षा आहे: वाक्याचा कर्ता बघायचा. "विलंब झाला", "नोंद चुकली" असं लिहिलं की चूक जणू आपोआप घडली. "आम्ही मोजणी केली नाही" म्हटलं की ती आपल्या नावावर येते, आणि काय सुधारायचं तेही तिथेच दिसतं.

पुढच्या खरेदीवर सवलत द्या, असं एका सहकाऱ्याने सुचवलं होतं. मला ते पटलं नाही. बंद मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला पुढच्या खरेदीचं सांगणं मला बरं वाटत नाही. याच ऑर्डरचं भाडं उचलणं सरळ आहे.

दुपारी अडीचला उत्तर आलं. त्यांच्या 5 मशीनना प्रत्येकी 12 फिल्टर लागायचे, त्यामुळे 36 मध्ये 3 मशीनचं काम गुरुवारी होणार होतं. उरलेल्या 2 त्यांनी पुढच्या बुधवारी ठेवल्या.

शुक्रवारी ट्रॅकिंग नंबर दुपारीच हातात आला होता, पण मी थांबले. लेबल छापलं की नंबर तयार होतो. माल कुरिअरने उचलून पहिलं स्कॅन होईपर्यंत ग्राहकाला स्क्रीनवर काहीच हललेलं दिसत नाही आणि आपण नुसतं सांगायचं म्हणून सांगितलं असं त्याला वाटतं. साडेसहाला स्कॅन झालं, तेव्हा नंबर पाठवला. 24 फिल्टर सोमवारी दुपारी पोचले.