चिंचेचा कोळ पातळ होतो, बुरशी धरतो? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मी महिनाभराचा कोळ एकदम करून बाटलीत भरला आणि दहाव्या दिवशी वर पांढरी बुरशी आली. सासूबाईंनी बाटलीचं झाकण उलटं करून माझ्यासमोर धरलं. आतून पाण्याचे थेंब वाळल्याचे डाग स्पष्ट दिसत होते. कोळ मी गरम असतानाच झाकला होता. वाफ झाकणाला लागली, तिचं पाणी होऊन परत कोळावर पडलं आणि बुरशी नेमकी तिथेच धरली. तेव्हापासून कोळ करताना माझं सगळं लक्ष पाण्याकडे असतं.

पहिली चूक भिजवतानाच होते. चिंचेचा घट्ट गोळा पातेल्यात टाकून वर तांब्याभर पाणी ओतलं की बाहेरची चिंच विरघळते, आतला गड्डा तसाच कोरडा राहतो. शिवाय एवढ्या पाण्यात चिंच हाताला लागतच नाही, बोटांतून निसटते. गर सुटतो तो घासण्याने, आणि घासायला लगदा घट्ट हवा. म्हणून आधी गोळा हाताने मोकळा करा. टरफलाचे तुकडे, काड्या आणि सहज निघतील ते चिंचोके कोरडेपणीच काढून टाका. चिंचोक्याला बारीक गोल भोक दिसलं तर कीड लागलेली आहे. ती चिंच पूर्ण तपासून घ्या.

मी 250 ग्रॅम चिंचेला 400 मिली कडकडीत पाणी घालते आणि अर्धा-पाऊण तास झाकून ठेवते. पाणी जेमतेम चिंचेच्या वर येतं, तेवढंच हवं. कोमट झालं की मुठीत घेऊन कोळायचं. चिंचोके गुळगुळीत हाताला लागले आणि शिरा दोऱ्यांसारख्या मोकळ्या झाल्या की पहिला कोळ सुटला असं समजा.

मिक्सरचा मोह इथेच होतो. एखादा जरी चिंचोका आत राहिला तरी तो फुटतो, त्याच्या सालीचा तुरटपणा कोळात उतरतो आणि दाताखाली कचकच येते. शिरांचेही इतके बारीक तुकडे होतात की ते गाळणीतून खाली जातात. असं झालंच असेल तर कोळ थोडा सैल करून बारीक गाळणीतून पुन्हा गाळा. कचकच कमी होईल, पण तुरटपणा जाणार नाही. तो कोळ गूळ भरपूर असलेल्या चटणीत संपवा.

गाळायला चहाची गाळणी किंवा फडकं घेऊ नका. गर वरच अडकतो, खाली नुसतं आंबट पाणी येतं आणि आपल्याला वाटतं की चिंचच वाईट होती. पुरणाची स्टीलची चाळणी सगळ्यात चांगली. वाटीच्या बुडाने लगदा चोळा आणि चाळणीच्या खालच्या बाजूला चिकटलेला दाट गर चमच्याने खरवडून घ्या, खरा माल तोच असतो. उरलेल्या चोथ्यात 150 मिली गरम पाणी घालून पुन्हा एकदा कोळा. तिसऱ्यांदा मात्र नको. तेव्हा रंगीत पाण्यापलीकडे काही मिळत नाही.

आता हे घातलेलं पाणी काढायचं. कच्चा कोळ तसाच बाटलीत भरणं ही दुसरी मोठी चूक. स्टीलच्या खोलगट कढईत मध्यम आचेवर 20 ते 25 मिनिटं आटवा. घट्ट होताना तो उडतो आणि चटका जोरात बसतो, म्हणून लांब दांड्याचा डाव घ्या. कढईच्या बुडावर डावाने रेघ ओढली आणि ती लगेच बुजली नाही की गॅस बंद करा. साधारण 400 ग्रॅम कोळ होतो. मीठ एक चहाचा चमचा, पण आधी चव बघा, कारण साठवणीची चिंच बऱ्याचदा मीठ लावूनच ठेवलेली असते.

कोळ पूर्ण गार होईपर्यंत वर जाळी ठेवा, झाकण नको. मग कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दर वेळी कोरडाच चमचा घाला. असा तीन-चार आठवडे चांगला राहतो. त्याहून जास्त दिवस हवा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा; चौघांच्या आमटीला एक वडी पुरते. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, बुडबुडे दिसले किंवा दारूसारखा वास आला तर कोळ आंबला आहे, टाकून द्या. बुरशीचंही तेच. वरचा थर काढून खालचा वापरू नका.

ॲल्युमिनियमचं पातेलं आणि कल्हई नसलेलं पितळ यात कोळ भिजवणं, उकळणं, ठेवणं काहीच करू नका. चिंचेतलं आम्ल धातू खातं आणि कोळाला कळकट चव येते. त्याच आम्लामुळे उरलेला चोथा मात्र कामाचा आहे: चिमूटभर मीठ घालून देवाच्या तांब्याला चोळा, लगेच धुवा आणि पुसून कोरडा करा.