नवा डाव झाला की फलंदाजीची सरासरी कशी काढावी

खेळाडूची सरासरी अद्ययावत ठेवायची तर दोनच आकडे जपून ठेवा: आजवरच्या एकूण धावा आणि तो किती वेळा बाद झाला ती संख्या. नवा डाव संपला की त्यातल्या धावा बेरजेत मिळवायच्या, फलंदाज बाद झाला असेल तर संख्या एकाने वाढवायची आणि भागाकार करायचा. जुने सगळे डाव पुन्हा मांडायची गरज नाही.

डॉन ब्रॅडमन यांचा शेवटचा कसोटी डाव घेऊ. ऑगस्ट 1948 मध्ये ओव्हलवर ते फलंदाजीला उतरले तेव्हा त्यांच्या नावावर 6996 धावा होत्या आणि ते 69 वेळा बाद झाले होते. 6996 ÷ 69 म्हणजे सरासरी 101.39. एरिक हॉलीस यांनी त्यांचा शून्यावर त्रिफळा उडवला.

1. बेरीज: 6996 + 0 = 6996
2. संख्या: 69 + 1 = 70
3. सरासरी: 6996 ÷ 70 = 99.94

बेरीज जागची हलली नाही, तरी सरासरी घसरली, कारण भाजक वाढला. चार धावा काढून बाद झाले असते तर 7000 ÷ 70, म्हणजे नेमकी 100. आणि शून्यावर नाबाद राहिले असते तर? संख्या 69 च राहिली असती आणि सरासरीही 101.39.

घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. ब्रॅडमन यांचे डाव 80, त्यांतले 10 नाबाद. भाजक म्हणून 80 घेतले तर उत्तर 87.45 येते. म्हणून संख्येच्या रकान्यावर ‘डाव’ न लिहिता ‘बाद’ असे लिहावे.

दुसरी चूक म्हणजे जुनी सरासरी आणि नवा डाव यांची बेरीज करून दोनाने भागणे. वरच्या उदाहरणात 50.70 येईल. यात एका डावाला आधीच्या 69 बादांइतकेच वजन मिळते.

वहीत फक्त सरासरी लिहून ठेवली असेल तर तिला संख्येने गुणून बेरीज परत मिळवता येते, पण 101.39 × 69 चे उत्तर 6995.91 येते. दशांश सोडून नुसते 101 लिहिले असेल तर 6969, म्हणजे 27 धावा गायब! त्यामुळे सरासरी दाखवण्यापुरतीच गोल करावी; पुढचा हिशेब नेहमी बेरजेवरून करावा.

संगणकावर हेच असे लिहितात:

```python
total += runs
if is_out:
    outs += 1
avg = total / outs if outs else None
```

शेवटची ओळ नवख्या खेळाडूसाठी आहे. तो एकदाही बाद झाला नसेल तर भाजक शून्य असतो. अशा वेळी सरासरीच्या जागी रेघ मारतात.

धावपत्रकात 45 च्या जागी 54 लिहिले गेल्याचे नंतर लक्षात आले, तर बेरजेतून 9 वजा करावेत. तो डाव आधीच मोजलेला असल्याने संख्येला हात लावायचा नाही.