नव्या कढईच्या खोक्यावरचं लेबल कसं वाचावं

मावशीने इंडक्शन शेगडी घेतली आणि तिच्यासाठी नवी कढई आणली. खोक्यावर लिहिलेलं: 'एसएस ३०४, १८/८, ट्रायप्लाय, इंडक्शन बेस, २४ सेंमी'. रात्री तिचा फोन आला. "अगं, आपले जुने भांडीवाले म्हणायचे की चांगल्या स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही. आणि हा दुकानदार म्हणतो, चुंबक चिकटलं तरच इंडक्शनवर चालेल. मग खरं काय?"

दोन्ही खरं आहे. खोक्यावरचा एकेक शब्द भांड्याच्या एकेका भागाबद्दल बोलतो, सगळ्या भांड्याबद्दल नाही. म्हणून लेबल वाचताना दर शब्दाला विचारायचं: हा आतल्या बाजूबद्दल आहे, तळाबद्दल आहे, की लेपाबद्दल?

पायरी १ : स्टीलचा आकडा पाहा

'३०४' आणि '१८/८' ही एकाच स्टीलची दोन नावं. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियममुळे पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो आणि तोच गंज येऊ देत नाही. घासताना ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो थर आपोआप पुन्हा धरतो. '१८/१०' म्हणजे निकेल थोडं जास्त. रोजच्या भाजी-आमटीला त्याने काही फरक पडत नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

घोळ होतो तो '२०२' मध्ये. यात महागड्या निकेलचा बराचसा भाग काढून मँगनीज घातलेलं असतं. ते ३०४ इतकंच चकाकतं आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे जुन्या भांडीवाल्यांची चुंबकाची परीक्षा इथे उपयोगाची नाही. डाळ-तांदळाच्या डब्याला २०२ चालतं. पण आमसुलाचं सार, चिंचेची आमटी किंवा खारट पाणी ज्यात रोज तापणार, त्या भांड्याला ३०४ घ्या, कारण आंबट-खारटाने २०२ लवकर खराब होतं. घरी ओळखायचा खात्रीचा उपाय नाही. भांड्यावर ठसा पाहा आणि बिलावर '३०४' लिहून घ्या. नुसतं 'फूड ग्रेड' लिहिलेलं असेल तर त्यावरून आकडा कळत नाही.

पायरी २ : चुंबक कुठे चिकटतं ते पाहा

फ्रीजवरचं साधं चुंबक दुकानात घेऊन जा. इंडक्शन शेगडी स्वतः तापत नाही. तिच्या काचेखाली तारेचं वेटोळं असतं, आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या तळात वीज फिरून तळच तापतो. त्यासाठी तळाला चुंबक ओढणारं स्टील लागतं, आणि ३०४ तसं नसतं.

म्हणून ट्रायप्लायमध्ये तीन पत्रे एकत्र दाबलेले असतात. अन्नाला लागणारा आतला ३०४ चा, मधला ॲल्युमिनियमचा, आणि बाहेरचा बहुधा ४३० चा, ज्यात निकेल जवळपास नसतं आणि ज्याला चुंबक घट्ट चिकटतं. मधलं ॲल्युमिनियम उष्णता सगळीकडे पसरवतं. नुसतं स्टील ती फार हळू पसरवतं, म्हणूनच पातळ स्टीलच्या पातेल्यात मधोमध दूध लागतं.

मावशीला फोनवरच चुंबक लावून बघायला सांगितलं. बाहेर तळाला घट्ट बसलं, बाजूंनाही बसलं, आतून मात्र ओढ थोडी कमी लागली. आतली ती ओढ बाहेरच्या पत्र्याची आहे, म्हणजे वर्णन जुळलं. चुंबक फक्त तळाला चिकटलं आणि बाजूला नाही, तर ते सँडविच बुडाचं भांडं, म्हणजे थर फक्त बुडाला, बाजूंना नाहीत. इंडक्शनवर तेही चालतं, पण गॅसची आच बुडाच्या कडेबाहेर गेली की भाजी तिथे करपते. साध्या ३०४ च्या पातेल्याच्या काठाला चुंबक किंचित ओढलं गेलं तर फसवणूक समजू नका. पत्रा ओढून-वळवून घडवताना तिथे थोडी चुंबकीयता येते.

आता तो '२४ सेंमी'. तो कढईच्या तोंडाचा आकडा आहे. शेगडीला कळतो तळ. मावशीने पट्टीने मोजलं तर सपाट तळ १४ सेंमीच भरला. बऱ्याच शेगड्या १२ सेंमीच्या आसपासच्या तळापर्यंत भांडं ओळखतात, म्हणून हिचं निभावलं. आपल्या शेगडीच्या माहितीपुस्तिकेतला आकडा पाहूनच कढई घ्या. भांडं पालथं करून तळावर पट्टी उभी धरा. खालून उजेड दिसला तर तळ फुगलेला किंवा खोलगट आहे.

पायरी ३ : लेप कशाचा आहे ते विचारा

नॉनस्टिक तव्यावर 'पीएफओए फ्री' असं मोठ्या अक्षरात लिहितात. पीएफओए हे लेप तयार करताना पूर्वी वापरलं जाणारं रसायन. ते नाही म्हणजे लेपच वेगळा आहे असं नव्हे. लेप बहुतेक वेळा पीटीएफईचाच, म्हणजे टेफ्लॉनचाच असतो. तो साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर खराब होऊ लागतो, आणि त्याहून बराच तापला तर त्याचा धूर घातक असतो. घरात पोपट असेल तर जास्तच जपा, पक्षी त्या धुराने मरतात. धिरडं घालताना मध्यम आच पुरते. मोठ्या आचेवर रिकामा तवा मात्र काही मिनिटांतच या मर्यादेपलीकडे जातो.

सिरॅमिक लेप जास्त उष्णता सोसतो, पण त्याचा न चिकटण्याचा गुण लवकर जातो. हार्ड अ‍ॅनोडाइज्ड हा वरून दिलेला लेप नाही. ॲल्युमिनियमचाच पृष्ठभाग विजेच्या प्रक्रियेने कडक केलेला असतो. त्याला चुंबक चिकटत नाही, म्हणून इंडक्शनसाठी तळाला स्टीलची चकती आहे का ते पाहा.

पायरी ४ : धुताना

स्टीलमध्ये मीठ थंड पाण्यात टाकून तसंच ठेवू नका. न विरघळलेले खडे तळाशी बसून टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतात आणि ते पुन्हा भरत नाहीत. पाणी उकळल्यावर मीठ टाकून ढवळा. क्लोरीनचं ब्लीच भांड्यांना लावू नका, त्यानेही तेच होतं.

करपलं तर खरवडू नका. करपलेला भाग बुडेल इतकं पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, कोमट झालं की लाकडी उलथन्याने काढा. हे फक्त स्टीलसाठी, ॲल्युमिनियम सोड्याने काळं पडतं. नॉनस्टिकला मऊ स्पंज आणि साबण एवढंच. तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतलं तर तळ वाकतो, मग इंडक्शनवर ते डगमगतं.

पंधरा दिवसांनी मावशीचा पुन्हा फोन, आत निळे-जांभळे पट्टे आणि पांढरे ठिपके आलेत म्हणून. पट्टे रिकामी कढई जास्त तापल्याचे आणि निरुपद्रवी. ठिपके बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे. चमचाभर व्हिनेगर फिरवून पाच मिनिटांनी धुतल्यावर दोन्ही गेले. एक ठिपका मात्र तसाच राहिला आणि नख फिरवलं की अडकायचा. तो मिठाचा खड्डा होता.