अफवेचं नाव न घेता दिलेलं उत्तर

आमचं दुकान बंद होतंय असा मेसेज फिरला आणि आगाऊ पैसे भरलेली गिऱ्हाइकं धास्तावली. रागाच्या भरात मी त्याच मेसेजचा स्क्रीनशॉट लाल फुली मारून टाकणार होतो. पण घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘बंद’ एवढंच राहतं, आणि फुली कापून तोच फोटो पुन्हा फिरवता येतो. म्हणून तो बेत सोडला आणि लिहिलं: ‘दुकान रोज 10 ते 8 सुरू आहे. पुढच्या महिन्याच्या ऑर्डरी घेतोय. आगाऊ रकमेबद्दल शंका असेल तर पावती घेऊन या.’ सोबत त्याच सकाळचा, उघड्या शटरचा फोटो. ज्यांनी थेट विचारलं, फक्त त्यांनाच फोनवर ‘ते खोटं आहे’ असं स्पष्ट सांगितलं. कोणी पसरवलं, यावर मात्र अवाक्षर काढलं नाही.