आबांनी फोटोवर बोट टेकण्याआधी

देपालपूरकडच्या गावातलं घर, ओट्यावर खाट, खाटेवर आबा आणि शनिवारी इंदूरहून आलेली दहा वर्षांची नात त्यांच्या शेजारी. आबांच्या नव्या टचस्क्रीन फोनवर नातीच्या फोटोवर बोट टेकायचं आणि तिला फोन लागायचा, एवढंच काम आहे. नंबर वाचायचा नाही, नाव शोधायचं नाही. आबांनी आजवर बटणांचा फोन वापरला, तोही आलेला फोन उचलण्यापुरता. पहिल्याच वेळी गडबड झाली तर ते फोन नातीच्या हातात देतील आणि पुन्हा मागणार नाहीत. गडबड बहुधा समज कमी पडते म्हणून होत नाही. बोट कोरडं असतं किंवा फोन मधेच काहीतरी विचारतो, म्हणून होते. दोन्हींचा बंदोबस्त आदल्या रात्री, आबा झोपल्यावर, नातीने आणि तिच्या आईने करून ठेवायचा.

सुरुवात फोटोपासून करावी. लग्नातला, चार जणांमधून कापून काढलेला फोटो घेऊ नये. पडद्यावर तो एका रुपयाच्या नाण्याएवढाच दिसणार आहे, तेव्हा चेहऱ्याने चौकट भरलेली हवी आणि मागे साधी उजळ भिंत हवी. नात रोज जशी दिसते तशीच दिसावी, म्हणजे दोन वेण्या असतील तर दोन वेण्या. फोटो सकाळच्या उजेडात, सावलीत उभं राहून काढावा. चेहऱ्यावर ऊन असेल तर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि लहान आकारात चेहरा ओळखू येत नाही. नातीचा नंबर फोनमध्येच साठवायचा, सिमवर नाही. सिमवर फक्त नाव आणि नंबर मावतात, फोटो राहत नाही. फोटो लावूनही दिसत नाही, या तक्रारीचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

मग बटण. अँड्रॉइड फोनवर पहिल्या पडद्याची रिकामी जागा दाबून धरली की `Widgets` येतं. त्यात `Contacts` खाली `Direct dial` असतं. ते निवडून नातीचं नाव दिलं की तिचा फोटो पडद्यावर बसतो आणि त्यावर टेकताच थेट कॉल लागतो. त्याच्या शेजारी नुसतं `Contact` असंही एक असतं. चुकून ते घेतलं तर कॉल न लागता नातीच्या नावाचं पान उघडतं आणि आबांना आणखी एक चिन्ह शोधावं लागतं. पडद्यावरची बाकीची चिन्हं काढून टाकावीत, दुसऱ्या पानावर ढकलू नयेत. बोट जरा सरकलं की पान उलटतं आणि नात गायब होते. पान एकच ठेवावं. चिन्हांच्या ओळी-रकाने कमी करायची सोय फोनमध्ये असेल तर तेही करावं, म्हणजे फोटो थोडा मोठा होतो.

फोटो पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात ठेवावा, याला ठोस कारण आहे. बोट टेकल्यावर लगेच आवाज येत नाही. रिंग ऐकू यायला दोन-चार सेकंद लागतात, गावात सिग्नल कमी असेल तर जास्तच. तेवढ्यात आबा हमखास पुन्हा टेकणार. पण तोवर पडद्यावर कॉलचं पान आलेलं असतं आणि त्यात खालच्या बाजूला फोन कापायचं लाल बटण असतं. फोटो खाली असेल तर दुसरं टेकणं नेमकं त्या लाल बटणावर पडतं. मग "लागतो आणि तुटतो" म्हणत सगळे नेटवर्कला दोष देत बसतात.

आता फोनचे प्रश्न संपवायचे. पहिल्यांदा कॉल करताना फोन परवानगी मागतो, आणि दोन सिम असतील तर कोणत्या सिमवरून लावू असं विचारतो. आबांना वाटणार, आपलं काही चुकलं. म्हणून सेटिंगमध्ये कॉलसाठी एक सिम कायमचं ठरवून टाकावं आणि नातीने स्वतः तीनदा फोटो दाबून पाहावं. तिन्ही वेळा काहीही न विचारता कॉल लागला, तरच फोन तयार झाला असं समजावं. नातीच्या नंबरावर कॉलर ट्यून असेल तर तीही काढावी. रिंगऐवजी गाणं लागलं तर आबा ते ऐकत बसतील.

पडदा विझण्याची वेळ दोन मिनिटं किंवा जास्त करावी. तीस सेकंदांत तर आबांचा चष्माही खिशातून निघत नाही. कुलूप काढलं तर सोपं होतं, पण त्याच फोनवर बँकेचं किंवा पैसे पाठवण्याचं ॲप असेल तर कुलूप अजिबात काढू नये. आमचं मत विचाराल तर आबांच्या फोनमध्ये पैशांचं काही ठेवूच नये. फोन कापण्यासाठी `Power button ends call` ही सोय चालू करावी. बाजूचं खरंखुरं बटण दाबलं की कॉल बंद होतो. आबांना दाबता येणारं बटण ओळखीचं आहे, तेवढं त्यांना सांगून ठेवलं की पुरे.

सगळ्यात जास्त लक्ष बोटाकडे द्यावं. काचेखाली अत्यंत क्षीण विद्युत क्षेत्र असतं. बोटातल्या ओलाव्यामुळे ते किंचित बदलतं आणि स्पर्श कुठे झाला ते फोनला कळतं. जोराचा इथे काही संबंध नाही. गव्हाच्या पहिल्या पाण्याच्या दिवसांत, थंडीत, आबांच्या बोटांना घट्टे पडलेले असतात आणि भेगांची कातडी सुकलेली असते. अशा बोटाचं टोक काचेला पुरतं कळत नाही, आणि नखाने टोचलं तर काहीच कळत नाही. त्यावर जाड काच चिकटवलेली असेल आणि तिच्याखाली धूळ किंवा हवेचा बुडबुडा असेल तर आणखी अडतं. असली काच काढून पातळ लावावी. इंदूरला जेल रोडवर फोनच्या दुकानांची ओळच आहे, तिथे हे काम मिनिटांत होतं. स्पर्शाची संवेदना वाढवायची सोय फोनमध्ये असेल तर ती चालू करावी. सकाळी आबांनी हात धुऊन पुसावेत आणि बोटांना खोबरेल तेलाचा थेंब चोळून तोही पुसून टाकावा. कातडी मऊ हवी, ओली नको. पाण्याचा थेंब काचेवर पडला तर फोन त्यालाच बोट समजतो.

कोरड्या बोटाने काही होत नाही म्हटल्यावर माणूस दाबून धरतो. आबा तर धरणारच, कारण विजेचं बटण असो की मोटरीचा स्टार्टर, जोर दिल्याशिवाय चालू झालेलं त्यांनी पाहिलेलं नाही. पण फोटोवर साधारण अर्धा सेकंद बोट राहिलं की फोनला वाटतं, हे चिन्ह हलवायचं आहे. फोटो सुटून बोटाबरोबर फिरू लागतो, वर `Remove` येतं, आणि तिथे बोट गेलं की फोटो निघून जातो. नंबर पुसला जात नाही, पण आजोबांच्या दृष्टीने नात गेली. त्यावर दोन उपाय आहेत. `Accessibility` मध्ये `Touch & hold delay` शोधून ते सर्वांत लांब करावं. आणि पहिल्या पडद्याच्या सेटिंगमध्ये `Lock Home screen layout` मिळालं तर चालू करावं, म्हणजे दाबून धरलं तरी फोटो जागचा हलत नाही. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये या गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी असतात, तेव्हा सेटिंगच्या शोधपट्टीत नाव टाकून पाहावं.

सकाळी बसण्याची जागा सावलीत हवी. ओट्यावर ऊन आलं असेल तर काचेत आबांना स्वतःचाच चेहरा दिसेल. फोन हातात देऊ नये, कारण धरलेल्या हाताची बोटं कडेने पडद्याला लागतात आणि दुसऱ्या हाताचं टेकणं फोनला नीट कळत नाही. घोंगडीची घडी मांडीवर ठेवून तिच्यावर फोन ठेवावा, सरकत नाही. जवळचं वाचायचा चष्मा आधीच डोळ्यांवर असावा. नातीने आबांच्या डाव्या हाताला बसावं, म्हणजे उजव्या हाताला वाट मोकळी राहते. तिचा फोन मात्र तिच्याजवळ नको. तो वीस पावलांवर, गोठ्याजवळ आईकडे असावा, घंटी पूर्ण मोठी करून. दोन फोन जवळ असले आणि स्पीकर चालू असला की एकाचा आवाज दुसऱ्यात शिरतो आणि कर्कश शिट्टी वाजते. आबांनी नातीशी बोलायचं, तर पहिला आवाज तो असू नये.

काय सांगायचं तेही ठरवून ठेवावं. "दाबा" हा शब्द टाळावा, तो ऐकला की आबा दाबूनच धरतात. नातीने म्हणावं, "आबा, दुधाचं पातेलं तापलंय का ते बोट लावून बघता ना, तसं." तापल्या पातेल्यावर कुणी बोट ठेवून बसत नाही. बोटाचा पेर टेकतो आणि लगेच उठतो, आणि फोनला हवं ते नेमकं हेच. आबांचं बोट धरून नातीने ते फोटोवर नेऊ नये, त्यांच्या जागी स्वतःही टेकू नये. दाखवायचंच तर शेजारी घोंगडीवर दाखवावं.

मग असं होतं. आबा पहिल्यांदा नखाने टोचतात, काही होत नाही. नात म्हणते, "नख नाही आबा, पेर." दुसऱ्यांदा पेर टेकतो, पण तिथेच थांबतो. फोटो हलत नाही, रात्री पडद्याच्या मांडणीला कुलूप लावलेलं कामी आलं. "उचला." तिसऱ्यांदा बोट टेकतं आणि उठतं. पडदा बदलतो. आबांचं बोट पुन्हा खाली येऊ लागतं तशी नात म्हणते, "आता पाच मोजा." एक, दोन, तीन, आणि गोठ्याकडून घंटी वाजते. आबा फोनकडे न बघता गोठ्याकडे बघतात. नात उठून पळते, आईच्या हातातून फोन घेते आणि तिकडून विचारते, "आबा, चहा घेतला का?"

आबा मोठ्याने उत्तर देतात, ओट्यावरून गोठ्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तिने हसून म्हणावं, "हळू बोला, फोनमध्ये ऐकू येतंय." बाजूचं बटण दाबून आबांनी फोन कापला की लगेच दुसरी फेरी घ्यावी, या वेळी नातीने परत येऊन शेजारी न बसता. तिसरी फेरी दुपारी जेवणानंतर, आबांनी स्वतः फोन उचलून, चष्मा लावून, कुणी न सांगता. मधे काही तास गेले पाहिजेत, नाहीतर सकाळचं हाताला आठवतंय की नुसतं मागचं गिरवलं जातंय, ते कळत नाही. आलेला फोन उचलायला या फोनवर बोट सरकवावं लागत असेल तर ते या रविवारी शिकवू नये. टेकणं आणि सरकवणं एका दिवसात शिकवलं की दोन्ही बिघडतात.

रविवारी संध्याकाळी निघण्यापूर्वी नातीने पडद्यावर एकदा नजर टाकावी. फोटो जागेवर आहे का, पान एकच आहे का, आवाज कमी झालेला नाही ना. चार्जर लावायची जागा खाटेजवळचीच ठेवावी, म्हणजे फोन रोज रात्री तिथेच सापडतो. आणि आबांना वेळ सांगून जावी, "साडेसातला मी इंदूरला पोचलेली असेन, तेव्हा लावा." त्या वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन तिने घेऊ नये, आपली लाइन मोकळी ठेवावी आणि घंटी वाजली की फोन तिनेच उचलावा.