मच की मेनी? शब्दाआधी त्याचा अर्थ बघा

शिष्यवृत्तीचे आणि नोकरीचे इंग्रजी अर्ज पाठवण्याआधी तपासून द्यायचे काम मी बरीच वर्षे करते आहे. काळ, क्रियापदे, शब्दयोगी अव्यये हे सगळे सरावाने सुधारते. पण मच, मेनी, फ्यू आणि लिटल हे चार शब्द चांगले इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या अर्जातही चुकीच्या जागी दिसतात. याचे कारण मला शिकवण्याच्या पद्धतीत दिसते. आपण नामांच्या दोन याद्या पाठ करतो. पाणी, दूध, वाळू ही मोजता न येणारी; पुस्तक, खुर्ची, मुलगा ही मोजता येणारी. अर्ज लिहायला बसल्यावर मात्र एक्स्पीरियन्स, पेपर, वर्क, टाइम असे शब्द समोर येतात आणि ते दोन्ही याद्यांत बसतात. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी याद्या बाजूला ठेवायला सांगते आणि या वाक्यात शब्दाचा अर्थ कोणता आहे, तेवढेच विचारते.

मूळ नियम छोटा आहे. मेनी आणि फ्यू यांच्यापुढे अनेकवचनी नाम येते: मेनी बुक्स, फ्यू स्टुडंट्स. मच आणि लिटल यांच्यापुढे ज्याचे अनेकवचन होत नाही असे नाम एकवचनात येते: मच वॉटर, लिटल मनी. मराठीत 'खूप काम' आणि 'खूप कामे' या दोन्हींना एकच 'खूप' चालतो, त्यामुळे बोलण्याआधी ही निवड करण्याची सवय आपल्याला नसते. नियम कळायला पाच मिनिटे पुरतात. खरा वेळ नाम ओळखण्यात जातो.

माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत हमखास दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक नमुना परिच्छेद घेऊ. अर्जदाराला संशोधन सहायकाची जागा हवी आहे आणि त्याने असे लिहिले आहे:

"आय हॅव मेनी एक्स्पीरियन्सेस इन लॅब वर्क. आय डिड मेनी रिसर्चेस ऑन वॉटर क्वालिटी अँड पब्लिश्ड फ्यू पेपर्स. आय हॅड लिटल ट्रेनिंग इन स्टॅटिस्टिक्स, सो आय कॅन हँडल द डेटा."

पहिले वाक्य. एक्स्पीरियन्स या शब्दाला दोन अर्थ आहेत. काम करून अंगी आलेली जाण हा एक अर्थ, आणि तो मोजता येत नाही. आपल्या बाबतीत घडलेला प्रसंग हा दुसरा, आणि तो मोजता येतो. 'मेनी एक्स्पीरियन्सेस इन लॅब वर्क' वाचणाऱ्याला वाटते की प्रयोगशाळेत या माणसाच्या बाबतीत बरेच काही घडले आहे, आता तो ते सांगणार. अर्जदाराला पहिला अर्थ हवा आहे, म्हणून शेवटचा एस गेला पाहिजे. मग मेनीच्या जागी मच लावायचे का? व्याकरणात ते बसते, पण साध्या होकारार्थी वाक्यात एकटा मच अवघडल्यासारखा वाटतो. नकारात आणि प्रश्नात तो सहज येतो: 'आय डोन्ट हॅव मच टाइम', 'हाऊ मच टाइम डू यू नीड?' सो, टू, ॲज यांच्या मागोमागही तो शोभतो. होकारार्थी वाक्यात बोलताना 'अ लॉट ऑफ एक्स्पीरियन्स' म्हणतात आणि अर्जासारख्या औपचारिक लेखनात 'कन्सिडरेबल एक्स्पीरियन्स' चांगले दिसते. मेनीची इतकी अडचण होत नाही, औपचारिक होकारार्थी वाक्यात तो खुशाल वापरावा.

दुसऱ्या वाक्यातला रिसर्च आजच्या इंग्रजीत एकवचनातच वापरतात. एकेक काम मोजून सांगायचे असेल तर शब्द बदलावा लागतो: सेव्हरल स्टडीज, थ्री प्रोजेक्ट्स. इन्फर्मेशन, इक्विपमेंट, ॲडव्हाइस, एव्हिडन्स, फर्निचर, सॉफ्टवेअर, होमवर्क हे याच घराण्यातले. हे शब्द वर्ग बदलत नाहीत, म्हणून एवढीच यादी पाठ करणे योग्य आहे. डोळ्यांना दिसणारी वस्तू मोजता येते की नाही, ही कसोटी इथे लावू नका. खोलीतल्या खुर्च्या आणि टेबले सहज मोजता येतात, तरी फर्निचर हे नाम मोजत नाहीत. नोटा मोजतात, तरी हाऊ मच मनी असेच विचारतात. त्या शब्दाने इंग्रजीत वेगवेगळे नग दाखवले जातात की सगळे मिळून एक गठ्ठा, एवढेच पाहायचे असते.

त्याच वाक्याच्या शेवटी 'फ्यू पेपर्स' आहे. पेपर म्हणजे कागद असेल तर तो मोजत नाहीत. मग 'शीट्स ऑफ पेपर' म्हणावे लागते. पेपर म्हणजे शोधनिबंध, प्रश्नपत्रिका किंवा वर्तमानपत्र असेल तर मोजतात. इथे शोधनिबंध आहेत, म्हणून अनेकवचन बरोबर आणि फ्यूची निवडही बरोबर. तरीही हे वाक्य अर्जदाराचे सगळ्यात जास्त नुकसान करते. नुसता फ्यू म्हणजे 'जेमतेम, जवळपास नाहीतच'. 'अ फ्यू' म्हणजे 'काही आहेत'. अर्जदाराला आपले निबंध छापून आल्याचे सांगायचे होते, आणि त्याने सांगितले की फारसे काही छापून आले नाही. एका अक्षराच्या या 'अ'कडे दुर्लक्ष होते याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण व्याकरण तपासणाऱ्यालाही वाक्यात चूक सापडत नाही. वाक्य शुद्धच असते, फक्त अर्थ उलटा झालेला असतो.

तिसऱ्या वाक्यात हाच प्रकार लिटलबाबत झाला आहे, पण तिथे तो पकडता येतो. 'लिटल ट्रेनिंग' म्हणजे प्रशिक्षण जवळपास नाही. त्यापुढे 'सो आय कॅन हँडल द डेटा' आले की कारण आणि निष्कर्ष जुळत नाहीत. 'अ लिटल ट्रेनिंग' केले तर अर्थ जुळतो, पण अर्जात ते कमीपणाचे वाटते. 'सम ट्रेनिंग' साधे आणि प्रामाणिक आहे. सुधारलेला परिच्छेद असा:

"आय हॅव कन्सिडरेबल एक्स्पीरियन्स इन लॅब वर्क. आय हॅव डन सेव्हरल स्टडीज ऑन वॉटर क्वालिटी अँड पब्लिश्ड अ फ्यू पेपर्स. आय हॅव हॅड सम ट्रेनिंग इन स्टॅटिस्टिक्स, सो आय कॅन हँडल द डेटा."

निबंध तीन असतील तर मी 'थ्री पेपर्स' लिहायला सांगते. आकडा सांगता येत असताना अ फ्यू लिहिले की वाचणारा तो आकडा लहान धरतो.

आता वर्ग बदलणाऱ्या शब्दांकडे. हे बदल मनमानी नसतात, त्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत. पदार्थाचे नाव त्याच्या एका नगाला किंवा वाढपाला लागते: कॉफी हे पेय मोजत नाहीत, पण दोन कप मागवताना 'टू कॉफीज' म्हणतात. कधी ते प्रकाराला लागते: ऑइल मोजत नाहीत, पण वेगवेगळ्या जातींची तेले म्हणजे 'डिफरंट ऑइल्स'. कधी त्या पदार्थापासून झालेल्या वस्तूला लागते: ग्लास म्हणजे काच, अ ग्लास म्हणजे पेला, ग्लासेस म्हणजे पेले किंवा चष्मा. उलट दिशेनेही प्रवास होतो. एग एरवी मोजतात, पण सदऱ्यावर सांडलेल्या बलकाबद्दल 'देअर इज एग ऑन युअर शर्ट' म्हणतात. तिथे नग उरलेला नसतो, पदार्थ उरलेला असतो.

भाववाचक नामे घडलेल्या एकेका प्रसंगाकडे वळतात तेव्हा ती मोजता येऊ लागतात. टाइम हे सगळ्यांत उपयोगी उदाहरण आहे. 'हाऊ मच टाइम' विचारले तर उत्तर तासांत येते, 'हाऊ मेनी टाइम्स' विचारले तर उत्तर खेपांत येते. 'आय हॅड लिटल टाइम' म्हणजे वेळच नव्हता. 'आय वेंट देअर अ फ्यू टाइम्स' म्हणजे काही वेळा गेले. वर्कचे मात्र जपून करा. वर्क म्हणजे काम हे मोजत नाहीत, त्यामुळे 'आय हॅव मेनी वर्क्स टुडे' चुकते. वर्क्स म्हणजे लेखकाच्या किंवा चित्रकाराच्या कृती. आजची कामे सांगायची असतील तर टास्क्स म्हणा किंवा 'अ लॉट ऑफ वर्क' म्हणा.

रूम हा शब्द मी मुद्दाम शिकवते, कारण त्यात सगळी गुंतागुंत एकदम दिसते. 'देअर आर फ्यू रूम्स' म्हणजे खोल्या फारशा नाहीत. 'देअर इज लिटल रूम' म्हणजे जागा फारशी नाही. आणि 'देअर इज अ लिटल रूम'चे दोन अर्थ होतात: थोडी जागा आहे, किंवा एक छोटी खोली आहे. लिटलचा 'छोटा' हा अर्थ मोजता येणाऱ्या नामालाही लागतो, म्हणून 'लिटल बुक्स' हे अशुद्ध नाही. त्याचा अर्थ मात्र 'थोडी पुस्तके' नसून 'छोटी पुस्तके' असा आहे. 'थोडी पुस्तके' म्हणायचे असताना कुणी लिटल बुक्स लिहिले तर वाचणाऱ्याला चूक झाल्याचे कळतही नाही.

या वाटा प्रत्येक शब्दाला खुल्या नसतात. टू कॉफीज चालते म्हणून टू इन्फर्मेशन्स चालत नाही. नॉलेज तर मध्येच उभा आहे: 'अ गुड नॉलेज ऑफ फ्रेंच' असे अ लावून म्हणतात, पण नॉलेजेस मात्र होत नाही. अशा वेळी विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी शब्दकोश उघडावा. त्यात नामापुढे सी किंवा यू ही अक्षरे असतात, सी म्हणजे मोजता येणारे आणि यू म्हणजे न येणारे. ए. एस. हॉर्न्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये जपानात छापलेल्या कोशात अशा खुणा होत्या आणि आजच्या कोशांनी ती पद्धत चालू ठेवली आहे. बघताना शब्दाच्या डोक्यावरची खूण बघून थांबू नका. एक्स्पीरियन्सखाली जाण या अर्थाला यू आणि प्रसंग या अर्थाला सी दिसेल. आधी आपला अर्थ कितव्या क्रमांकाचा ते शोधायचे, मग त्याच्यापुढचे अक्षर वाचायचे.

अर्ज लिहून झाला की मी फाइलमध्ये शोधा या सोयीत आधी `few` आणि मग `little` टाइप करायला लावते. प्रत्येक ठिकाणी आधी `a` आहे का ते बघायचे. नसेल तर तिथे 'हार्डली एनी' ठेवून वाक्य मोठ्याने वाचायचे. अर्थ हवा तसा राहिला तर ठीक, नाहीतर `a` घालायचा. दोन जोड्यांना ही कसोटी वेगळ्या प्रकारे लागते. 'ओन्ली अ फ्यू' मध्ये अ असूनही अर्थ कमीपणाचा आहे. आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बऱ्यापैकी पुष्कळ; शिफारसपत्रात 'क्वाइट अ फ्यू स्टुडंट्स' दिसले की थोडे विद्यार्थी समजून पुढे जाऊ नका, तिथे विद्यार्थी भरपूर आहेत.