स्टेजच्या दिव्यांखाली कोणती साडी, कोणते दागिने? रिसेप्शनसाठी रंग निवडण्याची पद्धत

दुकानात पाहून घेतलेली जांभळी पैठणी स्टेजवर तपकिरी दिसली, तर दोष साडीचा नसतो. कापडाचा रंग म्हणजे त्याने परत फेकलेला प्रकाश. दिव्यात जो रंग मुळातच कमी आहे, तो कापड परत देऊ शकत नाही. पिवळसर हॅलोजनमध्ये निळा भाग फार थोडा असतो. त्यामुळे जांभळ्यातला निळा दबतो आणि लालसर-तपकिरी छटा उरते. म्हणून रिसेप्शनची निवड साडीपासून नाही, दिव्यांपासून सुरू करावी.

1. डेकोरेटरला तीन गोष्टी विचारा. समोरून चेहऱ्यावर पडणारे दिवे पिवळसर (साधारण 3000 केल्विन) आहेत की पांढरे (5000 च्या पुढचे)? रंगीत झोत टाकणारे एलईडी दिवे, म्हणजे पार लाइट, फक्त मागच्या पडद्यावर आहेत की नवरा-नवरीवरही पडणार? आणि मागची सजावट कोणत्या रंगाची आहे? यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. निव्वळ निळ्या दिव्याखाली लाल साडी काळी दिसते आणि लाल दिव्याखाली हिरवी. तिथे कितीही महागडं रेशीम असलं तरी उपयोग होत नाही.

2. घरी चाचणी घ्या. खोलीत अंधार करा. एक पिवळसर आणि एक पांढरा बल्ब आळीपाळीने लावा. साडी नेसूनच पाहा, घडी घातलेली नको, कारण निऱ्यांच्या सावल्या दिसायला हव्यात. दहा फुटांवरून पाहा आणि मोबाइलवर फोटो काढा. फोटोत निऱ्या वेगवेगळ्या दिसल्या नाहीत, सगळा एकच गडद पट्टा दिसला, तर तो रंग स्टेजसाठी फार गडद आहे. बॉटल ग्रीन आणि नेव्ही ब्लू इथे हमखास मागे पडतात.

ब्लाउजही याच वेळी पाहा. रेशमी साडीला वेगळ्या कापडाचा मॅचिंग ब्लाउज शिवला असेल, तर दुकानाच्या ट्यूबखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग पिवळ्या दिव्यात वेगळे दिसू शकतात. दोन्हींचे रंगद्रव्य वेगळे असल्याने असे होते. साडीतलाच ब्लाउजपीस वापरला तर हा धोका बहुतेक टळतो.

3. आता रंग ठरवा. एक उदाहरण घेऊ. समोर पिवळसर हॅलोजन, मागच्या बाजूने निळे-जांभळे पार लाइट, पार्श्वभूमीला पांढरी फुलं आणि हिरवी पानं. हाताशी तीन पैठण्या आहेत: जांभळी, गडद हिरवी आणि राणी रंगाची. जांभळी समोरून तपकिरी पडेल. हिरवी पानांमध्ये मिसळेल आणि निऱ्यांच्या आत काळपट होईल. राणी रंग लाल आणि निळा दोन्ही परत फेकतो. त्यामुळे समोरून तो लालसर, कडेने जांभळट दिसेल, पण काळा कुठेच पडणार नाही. इथे राणी रंगच घ्यावा.

याच स्टेजवर फिकट पिवळी किंवा पीच साडी मात्र टाळावी. पिवळ्या दिव्यात फिकट पिवळा जवळजवळ पांढरा भासतो आणि पीच त्वचेच्या रंगात विरघळतो. समोरचे दिवे पांढरे असतील तर गणित बदलतं: जांभळा आणि मोरपंखी दोन्ही खुलतात.

4. दागिना कशावर टेकणार ते पाहा. सोनं पिवळ्या प्रकाशात छान उजळतं, पण जरीच्या काठावर किंवा मोहरी रंगाच्या ब्लाउजवर दिसेनासं होतं. राणी ब्लाउजवर मोहनमाळ उठून दिसेल. गळ्याशी चिकटून ठुशी घातली तर ती त्वचेवर बसते, त्यामुळे ब्लाउजचा प्रश्न येत नाही. पदराचा जरीचा काठ मात्र तिच्यावर येऊ देऊ नका. तन्मणी आणि मोत्यांची नथ गडद रंगावर फार सुंदर दिसतात. पिवळ्या दिव्यात मोती थोडे सायीच्या रंगाकडे झुकतात, पांढरेशुभ्र राहत नाहीत.

हिऱ्यांचा सेट निवडताना दिव्याचा आकार विचारात घ्या. लहान, टोकदार प्रकाश देणाऱ्या दिव्यांत हिरे लकाकतात. व्हिडिओवाल्यांच्या मोठ्या, पांढरं कापड लावलेल्या सॉफ्टबॉक्ससमोर ते बरेच शांत दिसतात. रंगीत पार लाइटमध्ये पारदर्शक खडे त्या दिव्याचाच रंग घेतात.

5. त्या संध्याकाळी. पाहुणे येण्याआधी पाच मिनिटं स्टेजवर उभं राहून लाइटवाल्याला सगळे दिवे लावायला सांगा आणि एक फोटो काढा. हिरवा चुडा काळा दिसला तर लाल किंवा गुलाबी पार लाइट अंगावर येतोय. तो पडद्याकडे वळवायला सांगा. साडी फोटोतच केशरी दिसत असेल, डोळ्यांना नाही, तर फोटोग्राफरला व्हाइट बॅलन्स त्याच दिव्यांखाली सेट करायला सांगा.